कलम १४९ कोणी सर्च करत नाही: एका वकील मॅडमच्या यूट्यूब चॅनलची केस

तालुक्याच्या गावी महसुली कामं करणाऱ्या एक वकील मॅडम आहेत. सातबारा, फेरफार, वाटणी, रस्त्याचे वाद, तहसील आणि प्रांत ऑफिसातली सगळी प्रकरणं. वीसेक वर्षांची प्रॅक्टिस. त्यांच्या चॅनलचं एडिटिंग, टायटल, थंबनेल सगळं माझ्याकडे आहे. त्यांचं आणि चॅनलचं नाव इथे देत नाही, त्याचं कारण पुढे येईलच.

माझ्याकडे काम आलं तेव्हा चॅनलवर चाळीसेक व्हिडिओ होते आणि सबस्क्राइबर हजाराच्या आत. आता कंटेंट वाईट होता असं म्हणाल तर अजिबात नाही, मी स्वतः दोनतीन व्हिडिओ बघून घरच्या जमिनीचं एक कोडं सोडवलं. पण टायटल बघा: "महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ । कलम १४९ ते १५७ । भाग ३". थंबनेलवर मॅडमचा कोर्टाच्या कोटातला फोटो, मागे तराजू, आणि तेच अख्खं टायटल बारीक अक्षरात परत लिहिलेलं. ज्याचे वडील दोन महिन्यांपूर्वी गेलेत आणि सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव आहे, त्या माणसाला याची गरज आहे. पण त्याला हे कलम माहीतच नाही, तर तो ते टाइप कसं करणार?

बहुतेक तज्ज्ञांच्या चॅनलची गाडी इथेच अडकते. तज्ज्ञाच्या डोक्यात विषय पुस्तकाच्या क्रमाने लावलेला असतो आणि बघणाऱ्याच्या डोक्यात फक्त "आता माझं काय अडलंय" एवढंच असतं.

आधी काय बघितलं

नवीन व्हिडिओ शूट करायच्या आधी आम्ही यूट्यूब स्टुडिओतले आकडे काढून बसलो. व्ह्यूज किंवा लाइक्स बघितलेच नाहीत, फक्त ट्रॅफिक सोर्स. म्हणजे लोक येतात कुठून. बराच मोठा भाग एक्स्टर्नलमधून, त्यातही व्हॉट्सॅप, म्हणजे मॅडम स्वतः ग्रुपवर लिंक टाकायच्या ते. होमपेजवरून जवळजवळ काही नाही. आणि यूट्यूब सर्च थोडा, पण त्या थोड्यातला बहुतांश एकाच व्हिडिओवर. तो होता तोच "भाग ३", ज्यात मध्येच मॅडम सहा-सात मिनिटं वारस नोंदीवर बोलल्या होत्या.

मग त्या व्हिडिओच्या यूट्यूब सर्चवर क्लिक करून लोकांनी नेमकं काय टाइप केलंय ती यादी उघडली. (ही यादी फुकट मिळते आणि नव्वद टक्के लोक ती कधी उघडत नाहीत, हे माझं कायमचं दुखणं आहे.) त्यात असं होतं:

`varas nond kashi karavi`
`satbara var nav kase lavayche`
`वारस नोंद हरकत`
`vadil varle jamin navavar`
`varas nond bahin nav`

यातून दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे लोक मराठीतच विचारतायत पण बरेच जण रोमन अक्षरात टाइप करतात, आणि स्पेलिंगचा काही भरवसा नाही. दुसरी जास्त महत्त्वाची: एकाही ओळीत कलम नाही, कायद्याचं नाव नाही, "संहिता" शब्द नाही. प्रत्येक ओळीत एक अडलेलं काम आहे. मॅडमनी यादी वाचली आणि म्हणाल्या, "अरे, हे तर माझ्या ऑफिसात बसल्या बसल्या पक्षकार बोलतात ते पहिलं वाक्य आहे."

तिथेच पुढचं सगळं ठरलं.

मागणी शोधायची कशी, तीही फुकटात

मी मॅडमना एक वही ठेवायला सांगितली. कोणी पक्षकार आला की तो खुर्चीत बसल्यावर पहिलं वाक्य जे बोलेल ते जसंच्या तसं, त्याच्याच शब्दांत लिहायचं. नाव-गाव काही नाही, फक्त वाक्य. "तलाठी म्हणतो हरकत आलीय." "चुलत्याने रस्ता नांगरला." "मोजणी झाली पण खुणा दाखवल्या नाहीत." मॅडमच्या ज्युनिअरला आधी हे खुळ्यासारखं वाटलं, पण महिन्याभरात त्या वहीतच चांगले तीसेक विषय निघाले आणि त्यातला एकही आम्हाला नुसतं डोकं खाजवून सुचला नसता.

मग वहीतलं प्रत्येक वाक्य यूट्यूबच्या सर्च बॉक्समध्ये, इन्कॉग्निटो विंडोत. इन्कॉग्निटो यासाठी की नाहीतर तुमच्याच जुन्या सवयींप्रमाणे सूचना येतात. "वारस नोंद" टाइप करून पुढे एक स्पेस, मग एकेक अक्षर, आणि खाली काय काय येतं ते लिहून घ्यायचं, एकदा देवनागरीत एकदा रोमनमध्ये. खाली सूचना येतेय म्हणजे ते कोणीतरी खरंच शोधतंय. किती जण ते कळत नाही पण शून्य नाही एवढं नक्की. गूगल ट्रेंड्समध्येही वर "वेब सर्च"च्या जागी "यूट्यूब सर्च" निवडता येतं, पण तालुका पातळीच्या मराठी विषयांवर तिथे बरेचदा पुरेसा डेटाच नसतो, रिकामा ग्राफ येतो. रिकामा ग्राफ म्हणजे मागणी नाही असं समजून विषय सोडू नका. ट्रेंड्सचा उपयोग आम्ही फक्त मोसम बघायला केला, "सातबारा" किंवा "पीक पाहणी" असे मोठे शब्द कधी वर जातात ते.

तिसरं काम सगळ्यात कंटाळवाणं. त्या सर्चचे पहिले आठ-दहा व्हिडिओ बसून बघायचे. नुसते व्ह्यूज मोजून उपयोग नाही, तिथे उत्तर मिळतंय का ते बघायचं. "वारस नोंद कशी करावी" वर खूप व्हिडिओ होते, लाखोंनी बघितलेले. पण बरेचसे ऑनलाइन अर्जाचा स्क्रीन रेकॉर्ड करून थांबलेले: इथे क्लिक करा, तिथे क्लिक करा, अर्ज सबमिट, धन्यवाद. "वारस नोंद हरकत" वर मात्र जे वर येत होते त्यात हरकतीवर धड दोन मिनिटंसुद्धा कोणी बोललेलं नव्हतं. म्हणजे लोक विचारतायत, यूट्यूब काहीतरी जवळपासचं दाखवतंय, आणि उत्तर कोणाकडेच नाही. तज्ज्ञ माणसाची जागा तिथे. फॉर्म कसा भरायचा हे कोणीही दाखवेल, फॉर्म भरल्यावर घोडं कुठे पेंड खातं हे वीस वर्षं तहसीलचे उंबरे झिजवलेल्या माणसालाच माहीत असतं.

एक विषय, पाच अडलेली माणसं

मॅडमची पहिली इच्छा होती "वारस नोंद संपूर्ण माहिती" असा एकच तासभराचा व्हिडिओ करावा. मी नको म्हटलं. कारण हरकत आलेला माणूस आणि अजून अर्जही न केलेला माणूस हे वेगळे आहेत. हरकतवाल्याला पहिल्या पंधरा मिनिटांत स्वतःचं काहीच सापडलं नाही की तो निघून जाणार, आणि सर्चमधून आलेली माणसं अशी पटापट निघून गेली की तो व्हिडिओ त्या सर्चवर खाली खाली सरकतो.

म्हणून विषयाचे तुकडे पाडले, पण माणूस कुठे अडलाय त्यावरून. पहिला: वडील वारले, नोंदच केलेली नाही. यात मॅडमनी सांगितलं की हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असं कलम १४९ म्हणतं, पण तीन महिने उलटले म्हणून हक्क बुडत नाही, नोंद नंतरही होते. हे एक वाक्य ऐकून किती लोकांचा जीव भांड्यात पडला ते कमेंट वाचल्यावर कळलं. दुसरा: अर्ज केला पण हरकत आली. म्हणजे नोटीस निघाली, पंधरा दिवसांच्या मुदतीत कोणीतरी हरकत दिली, मग ती नोंद गाव नमुना ६-अ मध्ये विवादग्रस्त म्हणून जाते आणि त्यावर सुनावणी होते. तिसरा: मृत्यू दाखल्यावरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव जुळत नाही. चौथा: नोंद रद्द झाली किंवा चुकीची मंजूर झाली, आता प्रांतांकडे अपील, साठ दिवसांची मुदत. पाचवा बहिणींचा, त्यावर वेगळं लिहितो कारण तिथे आमचं भांडण झालं.

प्रत्येक व्हिडिओ बारा ते अठरा मिनिटांचा झाला. लांबी आधी ठरवली नव्हती, विषय संपला की थांबायचं एवढाच नियम. आठ मिनिटांच्या वर गेलं की मध्ये जाहिराती लावता येतात हे खरं, पण त्यासाठी ताणलेला व्हिडिओ बघणाऱ्याला लगेच कळतो. आणि तसंही तेव्हा चॅनलला कमाई सुरूच नव्हती, एक हजार सबस्क्राइबर आणि वर्षात चार हजार तासांचा वॉच टाइम व्हायचा होता.

हरकतीच्या व्हिडिओचं टायटल, घासून घासून

इथे जरा थांबतो, कारण सगळी गंमत यातच आहे.

मॅडमनी लिहून पाठवलं होतं: "फेरफार नोंदीवरील हरकत व विवादग्रस्त प्रकरणांची कार्यपद्धती". अचूक आहे, परीक्षेत पूर्ण मार्क. पण हे कोणी टाइप करणार नाही.

मी दुसऱ्या टोकाला गेलो: "तलाठी तुम्हाला हे कधीच सांगणार नाही!!" मॅडमनी एका शब्दात उडवलं, "नाही." आणि त्यांचं बरोबरच होतं, नुसतं चवीला नाही तर कामाच्या हिशोबानेही. त्या टायटलमध्ये सर्चला पकडायला एकही शब्द नाही, "वारस" नाही, "हरकत" नाही. होमपेजवर कदाचित क्लिक मिळाले असते, पण नवीन छोट्या चॅनलला होमपेजवर दाखवतंय कोण? त्यातून ज्यांच्यासमोर मॅडमना रोज उभं राहायचं ते तलाठी आणि मंडळ अधिकारी हा व्हिडिओ बघणार ते वेगळंच.

शेवटी ठरलं: "वारस नोंदीला हरकत आली? पुढे काय होतं, काय करायचं". पहिल्या तीन शब्दांतच सर्चचे दोन्ही शब्द आले, नेमका अडलेला माणूस आला, आणि उरलेल्या भागात व्हिडिओत जे खरंच आहे तेवढंच कबूल केलं. टायटलची मर्यादा १०० कॅरेक्टर आहे पण मोबाइलवर पूर्ण दिसत नाही, त्यामुळे कामाचं सगळं सुरुवातीला पाहिजे. मराठीत अजून एक भानगड, काना-मात्रा-वेलांटी हे वेगळे कॅरेक्टर म्हणून मोजले जातात, त्यामुळे डोळ्याला छोटं दिसणारं टायटलसुद्धा मोजायला गेलं तर लांब निघतं. चॅनलचं नाव, "भाग ३", मॅडमची डिग्री हे सगळं टायटलमधून काढलं. नाव तसंही खाली दिसतंच.

रोमनवाल्यांसाठी टायटल खिचडी केलं नाही. डिस्क्रिप्शनच्या पहिल्या दोन ओळी साध्या मराठीत, आणि खाली एकदाच एका ओळीत `varas nond harkat`, `ferfar harkat` असं. टॅगमध्ये स्पेलिंगचे चारपाच प्रकार, बस. टॅगचा उपयोग मुख्यतः चुकीच्या स्पेलिंगपुरता आहे हे यूट्यूब स्वतःच सांगतं, तरी लोक अजून तिथे पाचशे कॅरेक्टर कोंबत बसतात.

थंबनेल: तराजू काढला, कागद आणला

थंबनेलचं काम टायटल परत वाचून दाखवणं नाही. बघणाऱ्याने पाव सेकंदात ओळखलं पाहिजे की हे माझ्याच कामाचं आहे. आमच्या प्रेक्षकाने खिशात घडी करून ठेवलेली वस्तू कोणती? फेरफाराची नोटीस, सातबाऱ्याचा उतारा. ते कागद तो लांबून ओळखतो. मग थंबनेलवर नोटिशीचा मोठा केलेला तुकडा, त्यावर लाल पेनाने केलेला गोल, आणि दोनच शब्द, "हरकत आली?" मॅडमचा फोटो ठेवला पण अर्ध्या चेहऱ्याचा, कागदाकडे बघताना, कोट नाही.

कागद खरा वापरायचा नाही हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. सातबारा ऑनलाइन कोणीही बघू शकतो हे मान्य, तरी कोणाचा गट नंबर आणि नावं थंबनेलवर झळकवायची गरज नाही, आणि पक्षकाराचा कागद तर नाहीच नाही. म्हणून त्याच फॉरमॅटमध्ये काल्पनिक नावांचा नमुना टाइप करून, प्रिंट काढून, घडी घालून फोटो काढला. घडीच्या रेषा महत्त्वाच्या. नव्याकोऱ्या पीडीएफचा स्क्रीनशॉट लावला तर तो सरकारी वेबसाइटसारखा दिसतो, घडी घातलेला कागद घरातल्यासारखा.

अक्षरांचं सांगतो. १२८० बाय ७२० च्या कॅनव्हासवर जे छान दिसतं ते फोनवर नखाएवढं होतं आणि देवनागरीत जोडाक्षरं आणि रफार आधी मरतात. "विवादग्रस्त" हा शब्द त्या साइजला काळा डाग दिसतो. म्हणून थंबनेलचे शब्द निवडतानाच जोडाक्षर टाळायचं, जाड वजनाचा फॉन्ट घ्यायचा (मी मुक्ता किंवा बलू वापरतो, दोन्ही मुंबईच्या एक टाइपवाल्यांचे आणि फुकट), आणि उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात काही ठेवायचं नाही कारण तिथे व्हिडिओची वेळ येऊन बसते. एक्स्पोर्ट करायच्या आधी झूम दहा-बारा टक्क्यांवर आणून लांबून बघायचं, वाचता आलं नाही तर शब्द कमी.

नंतर कंप्युटरवरच्या स्टुडिओतल्या Test & Compare मध्ये तीन थंबनेल लावली: कागदवालं, फक्त मॅडमचा चेहरा, आणि कागद अधिक चेहरा. कागद अधिक चेहरा पुढे गेलं. पण इथे एक समजून घ्या, ही टेस्ट कोणाला जास्त क्लिक मिळाले ते ठरवत नाही, कोणत्या थंबनेलमुळे जास्त वॉच टाइम आला ते बघते. त्यामुळे खोटं बोलून क्लिक खेचणारं थंबनेल इथे बहुतेक हरतं, लोक आत येऊन लगेच पळतात ना. आणि छोट्या चॅनलवर बरेचदा टेस्ट संपून निकालच लागत नाही, पुरेसे इम्प्रेशनच नसतात, म्हणजे थंबनेल तेवढ्या वेळा लोकांसमोर येतच नाही. आमच्या पुढच्या दोन टेस्ट अशाच गेल्या, मग आम्ही दर व्हिडिओला टेस्ट लावणं सोडलं आणि ज्यांना चांगले इम्प्रेशन येतात त्यांनाच लावली.

पहिली तीस सेकंदं

जुने व्हिडिओ सुरू व्हायचे गणपतीच्या म्युझिकने, मग लोगो, मग "नमस्कार मंडळी, आपल्या चॅनलवर आपलं सहर्ष स्वागत", मग सबस्क्राइबची विनंती. स्टुडिओ दाखवतो की ०:३० ला किती टक्के लोक अजून बघतायत, आणि तिथे निम्म्याहून जास्त गळालेले असायचे.

हरकतीचा व्हिडिओ असा सुरू होतो: मॅडम नोटीस हातात धरून म्हणतात, "हरकत आली म्हणजे तुमची नोंद रद्द झाली असं नाही. आता सुनावणी होणार, आणि त्या सुनावणीला तुम्ही कोणते कागद घेऊन जाता त्यावर सगळं आहे. ते कागद आणि क्रम सांगते." बस, काम सुरू. टायटलने जे विचारलं त्याचं अर्धं उत्तर पहिल्या वाक्यातच दिलं. मॅडमना भीती होती की उत्तर आधीच दिलं तर पुढे कोण बघेल. उलट झालं, कारण घाबरलेला माणूस आधी श्वास सोडतो आणि मगच नीट ऐकायला लागतो.

पुढे रिटेन्शनचा ग्राफ, म्हणजे कोणत्या क्षणाला किती लोक बघतायत तो, बघितला तर एक मोठा खड्डा होता, जिथे मॅडमनी कलमाचा मजकूर शब्दशः वाचला. आणि एक टेकडी होती जिथे त्यांनी ६-अ चा नमुना टेबलावर ठेवून बोट फिरवत दाखवला, लोक तो भाग मागे जाऊन परत बघत होते. त्या टेकडीतून पुढचा अख्खा व्हिडिओ निघाला, "सुनावणीला काय बोलायचं, काय नाही". कलमाचं वाचन तेव्हापासून बंद, कलमाचा नंबर फक्त खाली पट्टीत येतो. चॅप्टरही टाकले, ००:०० पासून, आणि त्यांची नावंसुद्धा लोकांच्या भाषेत.

बहिणीच्या व्हिडिओवरचं भांडण

सर्चमध्ये मागणी भरपूर होती पण ती वाचायला चांगली नव्हती. लग्न झालेल्या बहिणीचं नाव लावावं लागतं का, आणि त्याहून जास्त, ते न लावता कसं करता येईल. सर्चचा शब्द जसाच्या तसा उचलायचा हा माझाच नियम, तर त्या हिशोबाने टायटल झालं असतं "बहिणीचं नाव न लावता वारस नोंद". मॅडम भडकल्या. "उद्या एखादी बहीण माझ्यासमोर बसून हा व्हिडिओ दाखवेल मला."

मग टायटल झालं, "लग्न झालेल्या बहिणीचं नाव सातबाऱ्यावर लावावंच लागतं का?" सर्चचे शब्द तेच, पण व्हिडिओ सरळ उत्तर देतो: वारस म्हणून तिचं नाव येतंच, लग्नाचा संबंध नाही. वडिलोपार्जित मिळकतीत हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः हक्क आहे, आणि २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये विनिता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलंय. तिला स्वखुशीने हिस्सा सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं, शंभराच्या स्टॅम्पवर सही घेऊन चालत नाही. मला वाटलं होतं भाऊ लोक चिडून निघून जातील. काही गेलेच, पण कमेंटमध्ये बहिणी आल्या, आणि शेअर प्रचंड झाला, कारण घरातल्या वादात दोन्ही बाजू एकमेकांना पाठवत होत्या.

आकडे कसे हलले

पहिले काही आठवडे काहीही झालं नाही, हे मुद्दाम सांगतो कारण बरेच जण इथेच सोडतात. सर्चवर चालणाऱ्या व्हिडिओचा ग्राफ पहिल्या दिवशी उडी मारून झोपत नाही, तो जमिनीवर पडून राहतो आणि मग हळूहळू तिरका वर जातो. आम्ही पंधरा दिवसांनी एक असं टाकत राहिलो, कारण मॅडमकडे कोर्टाच्या तारखा सांभाळून तेवढाच वेळ होता, आणि तो वेग वर्षभर टिकणारा होता. वारस नोंदीचे पाचही व्हिडिओ झाल्यावर प्रत्येकाच्या शेवटी एंड स्क्रीनवर पुढच्या अडचणीचा व्हिडिओ लावला, अर्जवाल्याला हरकतीचा, हरकतवाल्याला अपिलाचा. मग सजेस्टेडमध्ये आमचेच व्हिडिओ एकमेकांशेजारी यायला लागले.

साधारण सातव्या-आठव्या महिन्यात होमपेजवरून इम्प्रेशन यायला लागले आणि त्याच आठवड्यात मॅडमचा फोन, "अरे सीटीआर निम्मा झालाय, काहीतरी बिघडलंय." सीटीआर म्हणजे थंबनेल दिसल्यावर किती टक्के वेळा क्लिक झालं ते, आणि बिघडलं काही नव्हतं. सर्चमध्ये तुम्हाला तोच बघतो ज्याने स्वतः विचारलंय, तो क्लिक करणारच. होमपेजवर यूट्यूब तुम्हाला अशा लोकांपुढे ठेवतं ज्यांनी काही विचारलेलंच नाही, तिथे टक्केवारी घसरते पण एकूण क्लिक वाढतात. यूट्यूबच्याच म्हणण्याप्रमाणे निम्म्या चॅनलचा सीटीआर दोन ते दहा टक्क्यांमध्ये असतो, आम्ही त्यातच होतो. बघायचं असेल तर ट्रॅफिक सोर्स वेगळे काढून बघा, सर्चचा सर्चशी आणि होमपेजचा होमपेजशी. एकत्र सरासरी काढली की नुसता गोंधळ. खरी वाईट खूण कोणती, तर इम्प्रेशन तेवढेच आणि सीटीआर खाली, किंवा सीटीआर चांगला आणि तीस सेकंदांवर लोक गळतायत, म्हणजे टायटलने एक सांगितलं आणि आत दुसरंच निघालं.

होमपेज सुरू झाल्यावर दोन व्हिडिओंचं टायटल थोडं सैल केलं, "मृत्यू दाखल्यावर नाव चुकलंय? वारस नोंद कशी करायची" चं झालं "दाखल्यावर एक नाव, सातबाऱ्यावर दुसरं: वारस नोंद कशी होणार?" सर्चचे शब्द मागे गेले तरी आहेत. पण ज्या व्हिडिओचा बहुतांश भाग अजून सर्चवर चालतो त्याच्या टायटलला हात लावला नाही. चालत्या गाडीची खीळ कोण काढतं?

तुकडेबंदीचा मोह

२०२५ मध्ये एक गुंठ्यापर्यंत तुकडेबंदी शिथिल होणार अशी बातमी आली आणि जो तो त्यावर व्हिडिओ करायला लागला. मॅडमनीही केला, रात्री बसून, आणि तो आमच्या चॅनलच्या मानाने तुफान चालला. आठवडाभर. मग सपाट. ते आलेले लोक परत आलेच नाहीत, आणि जी माहिती बोललो ती नंतर नियमांचे तपशील येत गेले तशी अर्धवट वाटायला लागली.

यूट्यूबवर एकदा टाकलेला व्हिडिओ त्याच लिंकवर बदलता येत नाही, एडिटरमधून एखादा तुकडा कापता येतो तेवढंच. त्यामुळे ज्या विषयाचा कायदा हलतोय त्याला आम्ही आता वेगळ्या पद्धतीने हाताळतो: टायटलमध्ये वर्ष, कॉमेंटमध्ये पिन करून "या तारखेपर्यंतची माहिती", आणि बदल झाला की नवा व्हिडिओ करून जुन्याच्या टायटलमध्ये "जुना नियम" असं लिहून टाकायचं. वारस नोंदीसारख्या विषयांना वर्ष लावतच नाही, उगाच शिळे दिसतात.

जिथे हात बांधलेत

वकिलांना बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे जाहिरात किंवा काम मागणं चालत नाही. म्हणून चॅनलवर फोन नंबर नाही, "केस असेल तर संपर्क करा" नाही, जिंकलेल्या प्रकरणांचे किस्से नाहीत. मीही म्हणूनच नाव देत नाहीये. यामुळे बाकीचे सल्लागार जे करतात, व्हिडिओतून पक्षकार आणणं, ते इथे ध्येयच ठेवता येत नाही. कमेंटमध्ये रोज कोणीतरी गट नंबरासकट आपली अख्खी भाऊबंदकी लिहितं. त्याला वैयक्तिक सल्ला देत नाही, पण तोच प्रश्न तिघाचौघांनी विचारला की वहीत जातो.

मराठी जमीन विषयाला एक छतही आहे. कमाई सुरू झाली पण ती कॅमेरामनचा आणि माझा खर्च निघून थोडीफार उरते एवढीच, हिंदीत केलं तर प्रेक्षक वाढेल असं कोणीतरी मॅडमना सुचवलं होतं. पण सातबारा, फेरफार, आठ-अ हे महाराष्ट्राचेच कागद, हिंदीत ऐकणाऱ्या उत्तर प्रदेशातल्या माणसाकडे खतौनी असते, त्याला याचा काय उपयोग.

आता पुढचा गठ्ठा रस्त्याचा. शेताला वाट नसणं आणि असलेली वाट अडवणं हे दोन वेगळे अडलेले लोक आहेत: पहिल्याला जमीन महसूल संहितेचं कलम १४३, दुसऱ्याला मामलेदार कोर्ट कायदा १९०६ चं कलम ५, आणि तिथे अडवल्यापासून सहा महिन्यांत जायला लागतं. पेरणीच्या आधी ही भांडणं निघतात, म्हणून दोन्ही व्हिडिओ मार्चमध्येच टाकायचे ठरलंय म्हणजे जूनपर्यंत सर्चमध्ये मुरतील. दुसऱ्याचं टायटल मी "शेतरस्ता अडवला? सहा महिन्यांच्या आत हे करा" असं सुचवलंय. मॅडमचं म्हणणं, "हे करा" काढून "मामलेदार कोर्टात अर्ज" असं सरळ लिही, लोक आता तो शब्द ओळखायला लागलेत. सर्च बॉक्समध्ये टाकून बघितलं तर `mamledar court rasta` खाली येतंय, त्यामुळे यावेळी बहुतेक त्यांचंच टायटल जाईल.